सहा हजारांचा हप्ता ६,३१७ रुपये ३३ पैशांचा कसा झाला

क्रेडिट कार्डाचं बिल मी एरवी आकडा बघून भरून टाकते. आत काय लिहिलंय ते वाचत बसत नाही. पण त्या महिन्यात फोनचा पहिला हप्ता होता, आणि माझ्या डोक्यात आकडा अगदी पक्का होता: सहा हजार. छत्तीस हजारांचा फोन, सहा महिने, नो कॉस्ट ईएमआय. छत्तीस भागिले सहा. यात चुकायला जागाच कुठे आहे? आणि बिलात त्या फोनपोटी लागलेली रक्कम होती ६,३१७ रुपये ३३ पैसे.

वरचे तीनशे सतरा रुपये एवढे मोठे नाहीत, हे मलाही कळतं. मला बोचले ते ते तेहतीस पैसे. 'नो कॉस्ट'मध्ये पैसे येतात कुठून? कुठेतरी टक्क्यांचा हिशेब चालू असल्याशिवाय असा आकडा येत नाही.

पण त्याआधी दुकानात काय झालं ते सांगते, कारण मी स्वतःला फार हुशार समजून तिथून बाहेर पडले होते.

जुना फोन चार्जिंग धरेनासा झाला म्हणून मी आधी दुकानात गेले होते. हवा तो फोन ३६,००० ला होता. मी खिशातून काही काढायच्या आतच काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, ईएमआयवर करायचंय ना?" मी हो-नाही म्हणेपर्यंत त्याने मला कोपऱ्यातल्या फायनान्सच्या टेबलाशी बसवलं. तिथल्या माणसाने सांगितलं की 'बाराला चार'ची स्कीम बसेल. म्हणजे हप्ते बारा, तीन-तीन हजारांचे, त्यातले चार आजच भरायचे आणि उरलेले आठ दर महिन्याला. व्याज शून्य. फक्त फाइल चार्ज ९९९ आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ११७९ रुपये.

ऐकायला बारा महिने वाटतात, पण कर्ज बारा महिन्यांचं नसतंच. बारा हजार मी आजच देणार, म्हणजे कर्ज २४,००० चं आणि मुदत आठ महिन्यांची. त्यातही पहिल्याच दिवशी ११७९ त्यांच्याकडे गेले. घरी येऊन दादाने हे एक्सेलमध्ये घातलं तेव्हा वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास दर निघाला. व्याज शून्य, पण फीला टक्क्यात मोजलं की साडेतेरा. टेबलावर बसले होते तेव्हा मला यातलं काही सुचलं नव्हतं. मी उठले ते वेगळ्याच कारणाने. त्याने फॉर्ममध्ये १,४९९ रुपयांचा स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅन आपणहून लिहिला होता आणि मी विचारल्यावर म्हणाला, "तो कंपल्सरी आहे, त्याशिवाय फाइल अप्रूव्ह होत नाही." कर्ज मंजूर व्हायला माझ्या पगाराचा काहीतरी संबंध असेल, काच फुटण्याचा कसा असेल? मी नको म्हणाले आणि निघाले.

घरी येऊन तोच फोन ऑनलाइन बघितला. किंमत तीच, ३६,०००. माझ्या बँकेच्या कार्डावर सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय होता. फाइल नाही, प्लॅन नाही, कोणी समोर बसलेलं नाही. मी दोन मिनिटांत ऑर्डर टाकली.

पैसे भरायच्या पानावर, अगदी वरच, त्याच कार्डाने एकरकमी पैसे भरले तर २,००० रुपये लगेच सूट, असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. वाचूनही डोक्यात असं आलं की सूट घ्यायची तर चौतीस हजार एकदम द्यावे लागतील, त्यापेक्षा बिनव्याजी मिळतंय तर सहा महिने वापरू बँकेचे पैसे. खात्यात तेव्हा ४८,००० होते, म्हणजे अडचण अशी काहीच नव्हती. 'बिनव्याजी' या शब्दाचा मोह, दुसरं काय.

आता बिलाकडे येते. त्यात फोनच्या नावाने चार ओळी होत्या. मुद्दल ५,५४१.६३. व्याज ४५८.३७. या दोघांची बेरीज बरोबर सहा हजार. मग व्याजावरचा जीएसटी ८२.५१. आणि प्रोसेसिंग फी जीएसटीसह २३४.८२, म्हणजे १९९ रुपये आणि त्यावर अठरा टक्के.

मी लगेच कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ होल्डवरचं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. मी तिला म्हटलं, नो कॉस्टला व्याज कसं लावलंत? ती अतिशय शांतपणे म्हणाली, "मॅम, व्याज लागतंच. ते तुम्हाला आधीच डिस्काउंटमध्ये दिलेलं असतं." मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं आणि मी थोडी चढ्या आवाजात बोलले. नंतर कळलं की सगळ्या प्रकरणात खरं आणि पूर्ण बोलणारी ती एकटीच होती.

दादाने मला ऑर्डरची पावती उघडायला लावली. फोनची किंमत ३६,०००, त्याखाली 'नो कॉस्ट ईएमआय डिस्काउंट' म्हणून १,६२२ वजा, आणि कार्डावर प्रत्यक्ष गेलेली रक्कम ३४,३७८. ही पावती माझ्या मेलमध्ये महिनाभर पडून होती.

म्हणजे प्रकार असा असतो. बँक फुकट कर्ज देत नाही. माझ्या बँकेचा ईएमआयचा दर वर्षाला सोळा टक्के होता आणि तो मलाही तेवढाच लावला गेला. सोळा टक्क्यांनी सहा महिन्यांत बरोबर सहा-सहा हजारांचे सहा हप्ते पडायचे असतील तर मूळ कर्ज किती हवं, हे उलटं काढतात. ते येतं ३४,३७८. मग विकणारा किंवा फोनची कंपनी किमतीत १,६२२ रुपये सोडते आणि बँक उरलेल्या ३४,३७८ चंच कर्ज देते. पुढच्या सहा महिन्यांत मी बँकेला व्याज देते, तेही १,६२२च. दोन्ही आकडे एकमेकांना खातात आणि जाहिरातीत लिहिता येतं की ग्राहकाला खर्च शून्य.

यात खोटं असं काही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, अशा योजनांत व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या आड लपवून ग्राहकाकडून घेतलं जातं. पुढे २०२२च्या क्रेडिट कार्डांच्या नियमांत तर स्पष्ट आलं की हप्ते पाडायच्या आधी मुद्दल, व्याज आणि नो कॉस्टसाठी दिलेली सूट हे तिन्ही वेगवेगळं दाखवलं पाहिजे, आणि बिलातही ते तसंच वेगळं दिसलं पाहिजे. माझ्या बिलात मुद्दल आणि व्याजाच्या दोन वेगळ्या ओळी होत्या त्या याच नियमामुळे. नाहीतर मी सहा हजार बघून गप्प बसले असते.

मग जास्तीचे पैसे नेमके कुठे गेले? फी तर उघड आहे. ती एकदाच. खरी मेख जीएसटीत आहे. सूट मिळते ती व्याजाएवढी. पण क्रेडिट कार्डावरच्या व्याजावर सरकार अठरा टक्के जीएसटी घेतं, आणि त्या जीएसटीची सूट कोणी देत नाही. म्हणून व्याज फिटतं, जीएसटी माझ्या अंगावर राहतो. पहिल्या महिन्यात ८२.५१, मग मुद्दल कमी होत जाईल तसा ६९, ५६, ४२, २८ आणि शेवटच्या महिन्यात १४ रुपये. सगळा मिळून २९२. त्यात फीचे २३५. म्हणजे माझ्या नो कॉस्टची कॉस्ट ५२७ रुपये.

(फायनान्स कंपनीच्या कर्जात ही भानगड नाही. तिथे व्याजावर जीएसटी लागत नाही, फक्त फीवर लागतो. म्हणूनच कदाचित तिथे फी मोठी असते.)

पाचशे सत्तावीस रुपयांवर मी विषय सोडून दिला असता. छत्तीस हजारांचे पैसे सहा महिन्यांत द्यायचे आणि त्यासाठी पाचशे जास्त, हा दर काढला तर वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास बसतो. इतक्या स्वस्तात कोणती बँक कर्ज देते? दादा म्हणाला, "बरोबर आहे. पण तू छत्तीस हजारांचा फोन घेतलाच नाहीस ना. तो फोन तुझ्यासाठी चौतीस हजारांचा होता."

तो २,००० रुपयांचा मुद्दा. मी त्याला सूट म्हणत होते, आणि सोडून दिली म्हणत होते, जणू माझं काही गेलं नाही. पण त्या दिवशी, त्या पानावर, माझ्या त्याच कार्डाने तो फोन ३४,००० ला मिळत होता. हीच त्याची माझ्यासाठी खरी किंमत. मग मी किती दिले? सहा हप्ते, जीएसटी आणि फी मिळून ३६,५२७. फरक २,५२७ रुपये. चौतीस हजारांचं कर्ज, सहा महिन्यांत फेडायचं, वर २,५२७. दादाने एक्सेलमध्ये आकडे घातले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. महिन्याला २.१ टक्के. वर्षाला पंचवीस.

पंचवीस टक्के! पर्सनल लोन घेऊन फोन घेतला असता तरी इतका दर बहुधा पडला नसता. आणि हे कर्ज मी गरज नसताना घेतलं होतं, खात्यात ४८,००० असताना. 'बँकेचे पैसे वापरू' हा जो विचार होता त्याचाही हिशेब केला. चौतीस हजार बचत खात्यात ठेवून दर महिन्याला त्यातून हप्ता दिला, तर तीन टक्क्यांनी सहा महिन्यांत व्याज मिळतं साधारण २८० रुपये. म्हणजे २८० कमवायला मी २,५२७ घातले.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. नंतर मी मुद्दाम बघत राहिले तेव्हा उलटही दिसलं. काही सेलमध्ये बँकेची सूट एकरकमीला कमी आणि ईएमआयला जास्त असते, कारण बँकेला ग्राहक हप्त्यांवर हवा असतो. काही ठिकाणी दोन्हीला सारखी. सूट सारखी असेल तर आपला खर्च फक्त जीएसटी आणि फी, आणि मग तो पाच टक्क्यांचा सौदा खरंच वाईट नाही. पण हे कळायला पैसे भरायच्या पानावर दोन्ही पर्याय शेवटच्या आकड्यापर्यंत नेऊन बघावे लागतात. हप्त्याचा पर्याय निवडल्यावर वरची सूट गुपचूप नाहीशी होते. माझ्या पानावरही झाली होती, मी हप्त्याकडे बघत होते.

बिल बघून मला राग आला होता आणि रागात मी ठरवलं की उरलेलं कर्ज एकदम फेडून टाकायचं. तोवर दुसरा हप्ताही गेला होता. पुन्हा फोन, पुन्हा संगीत. या वेळी एक मुलगा होता. म्हणाला, बंद करता येईल, उरलेल्या मुद्दलावर तीन टक्के चार्ज आणि त्यावर जीएसटी.

या वेळी हो म्हणायच्या आधी मी आकडे मांडले. उरलेलं मुद्दल २३,२२०.८६. त्यावर तीन टक्के ६९६.६३, जीएसटी १२५.३९. म्हणजे बंद करायला ८२२ रुपये. न बंद करता चालू ठेवलं तर उरलेल्या चार महिन्यांचं व्याज ७७९ आणि त्यावरचा जीएसटी १४०, मिळून ९१९. वाचणार होते ९७ रुपये. त्यातही शेवटचं बिल पडल्यापासून बंद करण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज वेगळं लागणार होतं, म्हणजे हे ९७ सुद्धा पुरते हातात आले नसते. मी फोन ठेवून दिला. हप्त्यांच्या कर्जात व्याजाचा मोठा वाटा सुरुवातीच्या महिन्यांतच जातो. जितकं उशिरा बंद करू तितकं वाचायला कमी उरतं, आणि तीन टक्क्यांचा दांडका तर ठरलेलाच.

त्याच्याही आधी आणखी एक झालं होतं, आणि ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं. माझ्या कार्डाची मर्यादा ५०,००० आहे. मी समजत होते की दर महिन्याला सहा हजारच अडकतात. तसं नसतं. सगळं कर्ज पहिल्या दिवशी मर्यादेतून वजा होतं आणि हप्ता भराल तसं थोडं थोडं मोकळं होतं. फोन घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आईबाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायचा होता, १८,४००. कार्ड चालेना. दोनदा प्रयत्न केला, मला वाटलं नेटवर्क. मग मर्यादा उघडून बघितली तर शिल्लक १५,६२२. खात्यातून भरले, काही बिघडलं नाही, कारण फोनसाठी न दिलेले पैसे खात्यातच होते. पण खरंच पैसे नसते तर विम्याची तारीख चुकली असती, आणि तीही एका फोनपायी. कार्डाच्या अटींत असंही सापडलं की हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूला पॉइंट मिळत नाहीत. ते किती असते? तीनेकशे रुपयांचे असते. त्यांचा हिशेब मी केला नाही, दादाने केला.

चौथ्या हप्त्यानंतर मी बिल वाचायचं सोडून दिलं. सहावा गेला तेव्हा लक्षातही आलं नाही.

मग काही महिन्यांनी धाकट्या भावाचा फोन पाण्यात पडला. त्याचा पगार नुकताच सुरू झालेला, जवळ बारा हजार. त्याने चोवीस हजारांचा एक फोन पसंत केला होता आणि म्हणाला, "ताई, चल ना बरोबर. ईएमआयवर घ्यायचाय, तुला त्यातलं कळतं." मला त्यातलं कळतं ही कीर्ती कशी झाली हे घरातल्यांनाच ठाऊक.

दुकान वेगळं होतं, कोपऱ्यातलं टेबल तेच. भाऊ सवयीने तिकडे वळला. मी त्याला काउंटरपाशीच थांबवलं आणि मालकाला विचारलं, "हप्ते नकोत. सगळे पैसे आत्ता देते. शेवटचा भाव किती?"

मालकाने आधी आमच्याकडे, मग कॅल्क्युलेटरकडे बघितलं. "कार्ड की यूपीआय?"

"यूपीआय."

"तेवीस हजार शंभर."

मग मी म्हटलं, आता हप्त्यांचं सांगा. सहा महिने, चार-चार हजार, व्याज शून्य, फाइल चार्ज ५०० आणि जीएसटी म्हणजे ५९०. मी मालकालाच विचारलं की हे नऊशे रुपये मध्ये कुठे जातात. माणूस मोकळा होता. म्हणाला, "ताई, तुम्ही हप्त्यावर घेतलं की फायनान्सवाले मला चोवीसमधून कापून देतात. त्याला डीलर बाय-डाउन म्हणतात. तुमचं व्याज माझ्याकडून घेतात ते. तुम्ही रोख दिलेत तर मला कापून जात नाही, मग तेच तुम्हाला सोडतो." आणि मग हसून म्हणाला, "पण विचारणाऱ्यालाच."

मला पहिल्या दुकानातला मुलगा आठवला. माझ्या हातात पर्स होती आणि तो मला थेट टेबलाशी घेऊन गेला होता. तिथे रोखीचा भाव काय होता हे मी विचारलंच नाही, त्यामुळे ते आता कधीच कळणार नाही.

भावाला तरीही हप्तेच बरे वाटत होते, कारण त्याच्याकडे तेवीस हजार नव्हतेच. तेही खरं होतं. म्हणून आम्ही टेबलाशी बसलो आणि मी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागितलं. कर्जाआधी हा कागद द्यावाच लागतो. त्यात कर्जाचा एकूण वार्षिक खर्च, म्हणजे एपीआर, एका आकड्यात लिहिलेला असतो. टेबलावरच्या माणसाने तो टॅबवर उघडून दाखवला. व्याजाचा दर शून्य. एपीआर ८.६ टक्के.

भाऊ म्हणाला, "बघ, साडेआठ फक्त. तू उगाच घाबरवतेस."

आकडा खोटा नव्हता. चोवीस हजारांचं कर्ज आणि ५९० फी, यावरून तो बरोबर येतो. पण त्या कागदाला समोरच्या मालकाने कॅल्क्युलेटरवर दाबलेले तेवीस हजार शंभर माहीत नसतात. रोख देणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याने सोडली, हा खर्च कर्जाच्या कागदावर कुठेच येत नाही, कारण कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने तो खर्चच नाही. मी फोनवर आकडे घातले. फोन २३,१०० चा, देणार २४,५९०. दर बावीस टक्क्यांच्या वर. त्याच टेबलावर, त्याच फोनचे, एकाच वेळी दोन दर: कागदावर साडेआठ, खिशातून बावीस.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, "तुझ्याकडे अकरा हजार शंभर आहेत?"

हे मला सुचायला हवं होतं.

त्याचे बारा आणि माझे अकरा हजार शंभर, यूपीआयने गेले. तीन महिने ३,७०० प्रमाणे मला परत, व्याज खरोखरच शून्य, फाइल चार्ज म्हणून एक कॉफी. पावती हातात आल्यावर मी ती ओळ-ओळ वाचली. मालकाला त्याचा अजिबात राग आला नाही. फोन २३,१००, जीएसटी त्यातच धरलेला. आणि त्याखाली टेम्पर्ड ग्लास, २९९.

"हे कोणी सांगितलं?"

"सगळे घेतातच ना ताई, म्हणून टाकलं." त्याने ती ओळ काढून पावती पुन्हा छापली.

भावाचा पहिला हप्ता पाच तारखेला आला. दुसरा आज येणार होता. संध्याकाळचे सात वाजलेत, अजून आलेला नाही.